फायनान्स लीजवर दिलेल्या यंत्राच्या नोंदी: लीज देणाऱ्याच्या वहीत व्याजाचे उत्पन्न मुदतभर कसे वाटावे

जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील दालमिलला रंगानुसार दाणे निवडणारे सॉर्टेक्स यंत्र हवे असते, परंतु एकरकमी खरेदीत खेळते भांडवल अडकवणे तिला परवडत नाही. अशा वेळी एखादी दुसरी कंपनी ते यंत्र स्वतःच्या नावावर घेऊन काही वर्षांच्या लीजवर देते. घेणाऱ्याच्या बाजूने काय लिहावे याची चर्चा बऱ्याचदा होते. देणाऱ्याच्या वहीत मात्र दोनच प्रकार पुष्कळदा दिसतात: एक तर आलेले संपूर्ण भाडे उत्पन्नात जाते आणि यंत्रावर घसारा लावला जातो, नाही तर एकूण व्याजाला वर्षांनी भागून दरवर्षी सारखी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवली जाते. फायनान्स लीजसाठी हे दोन्ही मार्ग चुकीचे आहेत. योग्य मार्ग कोणता, हे या लेखात एका उदाहरणाच्या आधारे सुरुवातीपासून शेवटपर्यंत मांडले आहे. उदाहरणातील आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत.

धुळ्याची एक खासगी मर्यादित कंपनी २०,००,००० रुपयांचे (जीएसटी वगळून) सॉर्टेक्स यंत्र विकत घेते आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून चार वर्षांसाठी जळगावच्या दालमिलला लीजवर देते, असे धरू. भाडे वर्षातून एकदा, दर ३० सप्टेंबरला, म्हणजे वर्ष संपल्यावर यायचे आहे. मुदतीनंतर यंत्र परत येईल आणि तेव्हा त्याचे २,००,००० रुपये मिळतील असा कंपनीचा अंदाज आहे, मात्र या रकमेची, म्हणजे अवशिष्ट मूल्याची, हमी कोणीही दिलेली नाही. दुरुस्ती, विमा आणि यंत्र बंद पडल्यास होणारे नुकसान दालमिलकडे आहे. कंपनीला इंडएएस लागू नाही, त्यामुळे तिच्यासाठी लेखामानक १९ हा आधार आहे. इंडएएस लागू असलेल्या कंपन्यांसाठी १ एप्रिल २०१९ पासून इंडएएस ११६ आहे, पण लीज देणाऱ्याच्या नोंदींचा गाभा दोन्हीकडे एकच राहतो.

आधी ठरवावे: ही फायनान्स लीजच आहे का?

करारावर कोणते शीर्षक छापले आहे यावरून हे ठरत नाही. यंत्राच्या मालकीतून येणारी जोखीम आणि लाभ जवळजवळ पूर्णपणे घेणाऱ्याकडे गेले आहेत का, एवढाच प्रश्न विचारायचा असतो. मुदत यंत्राच्या उपयुक्त आयुष्याचा मोठा भाग व्यापते का, शेवटी नाममात्र किमतीत खरेदीचा हक्क आहे का, यंत्र फक्त त्याच घेणाऱ्याच्या कामाचे आहे का, अशा खुणा मानकात दिल्या आहेत. सावद्याच्या एखाद्या केळी व्यापाऱ्याच्या आवारात त्याच्याच मापाने बांधलेले आणि काढून नेले तर निरुपयोगी ठरणारे रायपनिंग चेंबर हे शेवटच्या खुणेचे स्पष्ट उदाहरण ठरेल.

सॉर्टेक्स यंत्र काढून दुसऱ्या मिलमध्ये बसवता येते, त्यामुळे ती खूण येथे लागू पडत नाही. येथे निर्णय लागतो तो भाड्याच्या आजच्या किमतीवर. भाडे दरवर्षी ६,१६,६२२ रुपये आहे; हा आकडा कसा निघतो ते पुढे येईल. १२ टक्के दराने चारही भाड्यांची आजची किंमत १८,७२,८९६ रुपये भरते, म्हणजे यंत्राच्या वाजवी किमतीच्या सुमारे ९३.६ टक्के. आपल्या मानकात कोणतीही टक्केवारी दिलेली नाही. अनेक जण ९० टक्क्यांची रेघ धरतात, पण ती मार्गदर्शक सवय आहे, नियम नव्हे, आणि म्हणून तिच्या जोडीला जोखीम कोणाकडे आहे हे करारातील कलमांवरून तपासलेच पाहिजे. येथे दोन्ही गोष्टी एकाच दिशेने बोट दाखवतात, म्हणून ही फायनान्स लीज ठरते.

याच टप्प्यावर करारात मालकी हस्तांतराचे कलम आहे का, हे पाहून घ्यावे. पूर्ण रक्कम फिटल्यावर यंत्राची मालकी आपोआप घेणाऱ्याकडे जाईल असा करार असेल, तर जीएसटी कायद्याची दुसरी अनुसूची त्याला मालाचा पुरवठा मानते. मालकी न देता फक्त वापराचा हक्क दिला असेल, तर ती सेवा ठरते आणि प्रत्येक भाड्याच्या बिलावर कर लागतो. हिशोबाच्या दृष्टीने दोन्ही करार फायनान्स लीजसारखेच दिसू शकतात, पण कर भरण्याची वेळ पूर्णपणे बदलते. आपल्या उदाहरणात मालकी कंपनीकडेच राहते.

दर आणि तक्ता

लीजमध्ये दडलेला व्याजदर म्हणजे असा दर, ज्याने सर्व भाडी आणि शेवटचे हमी नसलेले अवशिष्ट मूल्य यांची आजची एकत्रित किंमत यंत्राच्या वाजवी किमतीइतकी होते. बारा टक्के परतावा हवा असेल तर भाडे किती ठेवावे, हे एक्सेलमध्ये असे निघते:

```
=PMT(0.12,4,-2000000,200000)
=RATE(4,616622,-2000000,200000)
```

पहिले सूत्र ६,१६,६२२ रुपये भाडे देते. करारात भाडे आधीच ठरलेले असेल आणि दर शोधायचा असेल, तर दुसरे सूत्र वापरावे. येथे ते १२ टक्के दाखवते. भाडे वर्षाच्या सुरुवातीला आगाऊ यायचे असेल, तर दोन्ही सूत्रांच्या शेवटी आणखी एक घटक म्हणून 1 लिहावा लागतो. तो राहून गेला की पुढचा संपूर्ण तक्ता चुकतो, आणि ही चूक बेरजेत लवकर सापडत नाही, कारण तक्ता शेवटी जुळवून घेण्याचा मोह होतो. शेवटच्या ओळीत एक-दोन रुपयांपेक्षा जास्त फरक राहत असेल, तर तो पूर्णांकाचा फरक नसून दरातील किंवा वेळेतील चूक आहे, असे समजावे.

चार भाड्यांचे २४,६६,४८८ आणि अवशिष्ट मूल्याचे २,००,००० मिळून २६,६६,४८८ रुपये ही लीजमधील ढोबळ गुंतवणूक झाली. त्यातून यंत्राची किंमत, म्हणजे २०,००,००० रुपयांची निव्वळ गुंतवणूक, वजा केली की ६,६६,४८८ रुपये उरतात. हे चार वर्षांत मिळवायचे व्याज आहे आणि पहिल्या दिवशी त्यातील एकही रुपया कंपनीने कमावलेला नाही. त्याची वाटणी अशी होते:

| लीजचे वर्ष | सुरुवातीची शिल्लक | व्याज १२% | भाडे | अखेरची शिल्लक |
|---|---|---|---|---|
| पहिले | २०,००,००० | २,४०,००० | ६,१६,६२२ | १६,२३,३७८ |
| दुसरे | १६,२३,३७८ | १,९४,८०५ | ६,१६,६२२ | १२,०१,५६१ |
| तिसरे | १२,०१,५६१ | १,४४,१८७ | ६,१६,६२२ | ७,२९,१२६ |
| चौथे | ७,२९,१२६ | ८७,४९६ | ६,१६,६२२ | २,००,००० |

चौथ्या वर्षाच्या व्याजात पूर्णांकामुळे एक रुपया मिळवला आहे. शेवटी उरलेली शिल्लक नेमकी अवशिष्ट मूल्याइतकी आहे, हीच या तक्त्याची कसोटी.

सारख्या वाटणीला मानक नकार का देते, ते याच आकड्यांवरून दिसते. ६,६६,४८८ ला चारने भागून दरवर्षी १,६६,६२२ रुपये उत्पन्न धरले, तर शिल्लक दरवर्षी ४,५०,००० रुपयांनी घटते. मग पहिल्या वर्षी २० लाखांवरचा परतावा ८.३३ टक्के दिसतो आणि चौथ्या वर्षी अवघ्या ६,५०,००० रुपयांवर २५.६३ टक्के. दालमिलकडे अडकलेला पैसा दरवर्षी कमी होत असताना परतावा तिप्पट झाल्याचे हे चित्र खोटे आहे. मानकाची अट एवढीच आहे की उरलेल्या निव्वळ गुंतवणुकीवर परताव्याचा दर मुदतभर एकसारखा राहिला पाहिजे. भाडे सारखे असले तरी व्याज सारखे नसते.

सुरुवातीच्या नोंदी

यंत्र पुरवठादाराकडून आले की ते स्थिर मालमत्तेत न टाकता एका तात्पुरत्या खात्यात ठेवावे, कारण लीज सुरू होताच ते ताळेबंदातून यंत्र म्हणून बाहेर जाणार आहे. खरेदीवरचा जीएसटी इनपुट क्रेडिट खात्यात वेगळा राहील आणि वरच्या कोणत्याही गणितात शिरणार नाही. १ ऑक्टोबर २०२४ ची रोजकीर्द नोंद अशी:

लीज येणे खाते नावे २६,६६,४८८
लीजसाठी घेतलेले यंत्र खाते जमा २०,००,०००
न कमावलेले लीज व्याज खाते जमा ६,६६,४८८

येथून पुढे कंपनीच्या वहीत यंत्र नाही, येणे आहे. म्हणून त्यावर घसारा नाही. न कमावलेले व्याज ही देणी नसून लीज येण्यातून वजा करून दाखवायची रक्कम आहे, त्यामुळे ताळेबंदात फक्त निव्वळ आकडा दिसतो. काही जण ही दोन खाती न ठेवता थेट २० लाखांचे एकच येणे ठेवतात. उत्तर सारखेच येते, पण टिपांमध्ये ढोबळ रक्कम आणि उरलेले व्याज वेगळे सांगावे लागते, म्हणून दोन खाती ठेवणे मला अधिक सोयीचे वाटते.

करार करताना लागलेला मुद्रांक, वकिलाची फी अशा थेट खर्चाबाबत लेखामानक १९ दोन मार्ग देते: लगेच नफातोट्यात टाकावा किंवा मुदतभर व्याजाच्या उत्पन्नाशी जुळवून वाटावा. इंडएएस ११६ मध्ये, देणारा स्वतः उत्पादक किंवा विक्रेता नसेल तर, तो निव्वळ गुंतवणुकीतच मिळवला जातो आणि त्यामुळे दर थोडा खाली येतो. उदाहरणात असा खर्च धरलेला नाही.

३१ मार्चची नोंद: सर्वाधिक चुका येथे होतात

लीजचे वर्ष ऑक्टोबर ते सप्टेंबर आणि आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च. ३१ मार्च २०२५ पर्यंत दालमिलने एक रुपयाही दिलेला नाही, बिलही झालेले नाही. म्हणून त्या वर्षी काहीच नोंदवायचे नाही असे वाटणे स्वाभाविक आहे, पण सहा महिन्यांचे व्याज तोपर्यंत कमावून झाले आहे. पहिल्या लीज वर्षाच्या २,४०,००० चे अर्धे येथे घ्यायचे:

न कमावलेले लीज व्याज खाते नावे १,२०,०००
लीज व्याज उत्पन्न खाते जमा १,२०,०००

या नोंदीनंतर निव्वळ येणे २१,२०,००० होते, म्हणजे सुरुवातीपेक्षा वाढते. काही लेखापालांना ही वाढ खटकते आणि ते नोंद उलटवतात. भाडे वर्षाअखेरीस असल्यामुळे ती वाढ बरोबरच आहे. ३० सप्टेंबरला भाडे आले की शिल्लक १६,२३,३७८ वर उतरते.

पुढच्या प्रत्येक आर्थिक वर्षात दोन लीज वर्षांचे अर्धे-अर्धे तुकडे येतात. २०२५-२६ मध्ये १,२०,००० आणि ९७,४०२ मिळून २,१७,४०२ रुपये, २०२६-२७ मध्ये १,६९,४९६, २०२७-२८ मध्ये १,१५,८४२ आणि शेवटच्या सहा महिन्यांसाठी २०२८-२९ मध्ये ४३,७४८. पहिल्या वर्षाचे १,२०,००० धरून या पाचांची बेरीज पुन्हा ६,६६,४८८ येते. ती येत नसेल, तर कोणत्या तरी मार्चमध्ये तुकडा सुटला आहे किंवा दोनदा पडला आहे. दिवसांवर काटेकोर मोजायचे असेल तर पहिल्या तुकड्यात १८२ आणि दुसऱ्यात १८३ दिवस येतात. फरक किरकोळ आहे, पण एकदा निवडलेली पद्धत मुदतभर पाळावी.

भाड्याचे बिल

३० सप्टेंबर २०२५ ला आधी उरलेल्या सहा महिन्यांचे १,२०,००० व्याज वरच्याच पद्धतीने नोंदवावे आणि मग बिल करावे. बिलावरचा जीएसटी संपूर्ण ६,१६,६२२ रुपयांवर, त्या यंत्राला लागू असलेल्या दराने लागतो. यातला व्याजाचा भाग कर्जाच्या व्याजासारखा करमुक्त आहे असे समजून फक्त मुद्दलावर कर लावणे धोक्याचे आहे.

दालमिल खाते नावे ६,१६,६२२ अधिक जीएसटी
लीज येणे खाते जमा ६,१६,६२२
देय जीएसटी खाते जमा, बिलाप्रमाणे

पैसे येताना दालमिल सहसा त्या तारखेला लागू असलेल्या १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम १९४-आयखाली यंत्राच्या भाड्यावर २ टक्के, जीएसटी वगळलेल्या रकमेवर, म्हणजे १२,३३२ रुपये टीडीएस कापते. मग बँक खाते ६,०४,२९० अधिक जीएसटीने नावे, टीडीएस येणे खाते १२,३३२ ने नावे आणि दालमिल खाते जमा होते. भाड्याचा एकही रुपया येथे उत्पन्नात गेला नाही, याकडे लक्ष द्यावे. भाडे येणे कमी करते; उत्पन्न फक्त न कमावलेल्या व्याजाच्या खात्यातून येते. टॅलीत भाड्याचे बिल आपोआप एखाद्या उत्पन्न खात्याशी जोडले गेले असेल, तर ते जोडणे पहिल्याच बिलाला बदलून घ्यावे.

ताळेबंदात हे येणे चालू आणि दीर्घकालीन अशा दोन भागांत दाखवावे लागते. ३१ मार्च २०२६ ला निव्वळ शिल्लक १७,२०,७८० आहे. सप्टेंबर २०२६ च्या भाड्यानंतर १२,०१,५६१ उरणार आहे, म्हणून तेवढी रक्कम दीर्घकालीन आणि ५,१९,२१९ चालू. संपूर्ण ६,१६,६२२ चालू भागात दाखवणे चूक आहे, कारण त्यातील ९७,४०३ रुपयांचे व्याज अजून कमावलेलेच नाही.

अवशिष्ट मूल्य घसरले तर

हमी नसलेल्या अवशिष्ट मूल्याचा अंदाज नियमितपणे तपासावा असे मानक सांगते. सॉर्टेक्ससारख्या यंत्रात नव्या कॅमेऱ्यांची मॉडेल आली की जुन्या यंत्राचा भाव झपाट्याने पडतो, त्यामुळे ही तपासणी कागदोपत्री उरकता येत नाही. सप्टेंबर २०२६ चे भाडे आल्यावर कंपनीने जुन्या यंत्रांच्या बाजारभावाची चौकशी केली आणि २०२८ मध्ये २,००,००० ऐवजी १,२०,००० च मिळतील असे दिसले, असे समजू.

८०,००० ची ही घट आजच संपूर्ण तोट्यात टाकायची नाही आणि २०२८ पर्यंत थांबायचेही नाही. दोन वर्षांनंतरच्या ८०,००० ची मूळ १२ टक्के दराने आजची किंमत ६३,७७६ येते. तेवढा भाग आधीच नोंदवलेल्या गुंतवणुकीत धरला गेला आहे, म्हणून तो लगेच नफातोट्यात जातो. उरलेले १६,२२४ हे पुढे मिळेल असे धरलेले आणि आता न मिळणारे व्याज आहे:

अवशिष्ट मूल्यातील घट खाते (नफातोटा) नावे ६३,७७६
न कमावलेले लीज व्याज खाते नावे १६,२२४
लीज येणे खाते जमा ८०,०००

निव्वळ शिल्लक १२,०१,५६१ वरून ११,३७,७८५ वर येते. तिसऱ्या वर्षाचे व्याज आता १,३६,५३४ आणि चौथ्याचे ७८,९२५ होते, दर १२ टक्केच राहतो आणि शेवटची शिल्लक १,२०,००० भरते. आधी काढलेले पुढच्या तीन आर्थिक वर्षांचे तुकडे याच दिवसापासून नव्या तक्त्याप्रमाणे बदलावेत. भाव वाढल्यास मात्र अशी नोंद करता येत नाही. लेखामानक १९ अवशिष्ट मूल्य वर नेण्यास परवानगी देत नाही.

भाडे थकले तर व्याज नोंदवत राहावे का, हा वेगळा प्रश्न आहे. तुरीचा हंगाम लांबला आणि दालमिलने दोन महिने उशिरा पैसे दिले, एवढ्याने तक्ता बदलत नाही. उशिराचे व्याज करारात असेल तर ते वेगळ्या उत्पन्न खात्यात जाते. पण रक्कम मिळण्याबद्दलच खरी अनिश्चितता निर्माण झाली, तर लेखामानक ९ प्रमाणे पुढील व्याज घेणे थांबवावे आणि थकीत येण्यासाठी तरतूद करावी.

आयकराचा हिशोब वेगळा चालतो

वहीत यंत्र नसले तरी कायदेशीर मालकी कंपनीकडे आहे. लेखामानक १९ मुळे आयकरातील घसाऱ्याच्या हक्कावर परिणाम होत नाही, असे केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने ९ फेब्रुवारी २००१ च्या परिपत्रक क्रमांक २ मध्ये स्पष्ट केले आहे. लीजवर दिलेल्या वाहनांच्या प्रकरणात आयसीडीएस लिमिटेडच्या बाजूने २०१३ मध्ये निकाल देताना सर्वोच्च न्यायालयानेही लीज देणाऱ्याला मालक मानून घसारा मान्य केला. म्हणून करविवरणात सहसा संपूर्ण भाडे उत्पन्न आणि त्याविरुद्ध घसारा असा हिशोब होतो, तर पुस्तकात फक्त व्याज दिसते. हा फरक काळानुसार भरून निघणारा आहे, त्यामुळे लेखामानक २२ प्रमाणे दरवर्षी स्थगित कराची नोंद करावी लागते. पुस्तकात व्याज योग्य नोंदवूनही ही एक नोंद राहिली, तर करानंतरचा नफा चुकीचाच राहतो.

मुदत संपताना

३० सप्टेंबर २०२८ ला शेवटचे भाडे जमा झाल्यावर लीज येणे खात्यात १,२०,००० आणि न कमावलेल्या व्याजाच्या खात्यात शून्य उरले पाहिजे. व्याजाच्या खात्यात काही शिल्लक दिसत असेल, तर ती रक्कम एकदम उत्पन्नात न ढकलता कोणत्या वर्षाचा तुकडा चुकला ते शोधावे. यंत्र परत आले की:

परत आलेले यंत्र खाते नावे १,२०,०००
लीज येणे खाते जमा १,२०,०००

पुढे ते जीएसटी वगळून १,०५,००० ला विकले गेले, तर १५,००० रुपयांचा तोटा विक्रीच्या वर्षात जातो आणि विक्रीच्या बिलावर नेहमीप्रमाणे जीएसटी लागतो. मागच्या वर्षांच्या व्याजाला आता हात लावायचा नाही. विकण्याऐवजी तेच यंत्र दुसऱ्या मिलला द्यायचे ठरले, तर नव्या कराराचे वर्गीकरण पुन्हा पहिल्यापासून तपासावे, कारण त्या दिवसाच्या किमतीवर आणि कमी मुदतीवर ती फायनान्स लीज न ठरता साधी भाडेपट्टी ठरण्याची शक्यता अधिक असते आणि तसे झाल्यास यंत्र स्थिर मालमत्तेत येऊन त्यावर घसारा सुरू होतो.